नंबर अकरा

काल डोळ्यांच्या दवाखान्यात मला माझ्या नंबराच्या आधी आत बोलावलं आणि माझे डोळे न तपासता बाहेर काढलं. माझा नंबर अकरावा. आत गेले तेव्हा सहावा चालू होता, बाहेर आले तेव्हाही सहावाच चालू होता. पुढचा दीड तास मी तिथेच बसून होते.

कारण माझे केस. ते निळे आहेत. निळसर नाहीत, 'उन्हात जरा निळी झाक मारते' असलं काही नाही. चक्क निळे, पेनातल्या शाईसारखे.

घरच्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. ह्यांनी दार उघडलं, बघितलं आणि "कोण हवंय?" असं विचारलं. चष्मा डोळ्यांवरच होता. मुलीने फोनवर बघून आधी स्वतःच्या फोनचा रंग बिघडलाय का ते तपासलं. चिरंजीव म्हणाले, "आई, हे धुतलं की जातं ना?" जातं, पण तुला वाटतं तितकं लवकर नाही, असं मी सांगितलं. नात तेवढी म्हणाली, "मलापण." तिला तिच्या आईने आत नेलं.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. नोकरीच्या काळात पंचवीस वर्षं मी केस काळे केले. तोही रंगच होता, तोही डब्यातूनच निघायचा आणि तोही खोटाच. पण तेव्हा एकाही माणसाने "हे काय केलंस?" म्हणून विचारलं नाही. आमचे हे आजही महिन्यातून दोनदा मिशीला काळं लावतात, ते टापटीप राहणं. मी निळं लावलं तर ते वय विसरणं.

आणि निळं होणं सोपं नाही. आधीचा पक्का काळा डाय असलेल्या केसांवर निळा रंग घातला तर तो दिसतच नाही, कारण रंगावर रंग चढवून केस उजळत नसतात. म्हणून निवृत्त झाल्यावर चौदा महिने मी काहीही लावलं नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्या हिशेबाने चौदा सेंटिमीटर पांढरं डोकं तयार झालं, खालचं काळं कापून टाकलं. त्या महिन्यांत सगळे मला तब्येत विचारायचे.

पार्लरमधल्या मुलीने दोन दिवस आधी कानामागे थेंबभर रंग लावून खाज सुटते का ते बघितलं. ती म्हणाली, पांढऱ्या केसात रंगद्रव्य नसतं, तेव्हा तिथे ब्लीच लागायचं नाही. पण माझा पांढरा पिवळट निघाला. पिवळ्यावर निळं म्हणजे हिरवं, हे चित्रकलेच्या वहीत शिकलेलं इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं. आधी जांभळा टोनर लावून तिने पिवळेपणा मारला. पांढरे कपडे पिवळे पडले की नीळ देतात, त्याच जातीचा हा प्रकार. घोळ मानेपाशी झाला. तिथले केस अजून माझे स्वतःचेच काळे आहेत, त्यांना ब्लीच करावंच लागलं. ते आधी केशरी झाले, मग पिवळे. अगदी फिकट होईपर्यंत थांबायला हवं होतं, पण माझी टाळू चुरचुरायला लागली आणि मी "पुरे" म्हटलं. हे "पुरे" पुढे नडलं.

तर दवाखाना. समोरच्या बाकावर एक गृहस्थ होते, मांडीवर फाइल. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. ते माझ्याकडे बघत होते, त्याची आता सवय झाली आहे. पण हे डावा डोळा तळहाताने झाकून बघत, मग उजवा झाकून, मग पुन्हा डावा. पाच मिनिटं हे चाललं.

शेवटी म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुमचे केस कसे आहेत?"

"निळे."

"तसं नव्हे. खरे कसे आहेत?"

"खरे पांढरे. आता निळे."

"म्हणजे दिसतात निळे."

"आहेत निळे."

ते माझ्याकडे बघून इतकं दयाळू हसले, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "तुम्ही मला धीर देताय," म्हणाले. "नका देऊ. ऑपरेशन झाल्यापासून मला सगळंच निळं दिसतं. चादर निळी, भिंत निळी. पण आजच्याइतकं निळं कधीच दिसलं नव्हतं. लेन्स सरकली असणार." मग म्हणाले, "जरा खिडकीकडे तोंड करता?"

आणि मी केलं! का केलं, ते आजही कळत नाही. नोकरीत साहेबांसमोर जी मान वळली नाही, ती इथे वळली.

"नव्या डोळ्याने निळे," ते स्वतःशीच नोंद करत होते. "जुन्या डोळ्याने मळकट, हिरवट." मग मोठ्याने हाक मारली, "सिस्टर! मला बाईंचे केस निळे दिसताहेत!"

त्यांना आत नेलं. दोन मिनिटांत सिस्टर बाहेर आल्या. "काकू, जरा येता? डॉक्टर बोलवताहेत." मी भाबडेपणाने पर्स, चष्मा, जुना कागद सगळं घेऊन गेले.

डॉक्टरांना फक्त माझं डोकं हवं होतं. त्यांनी ते दिव्याखाली नीट बघितलं आणि गृहस्थांना सांगितलं, की निळे आहेत. मग समजावलं. वयाने डोळ्यातलं भिंग पिवळं, तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं हळूहळू होतं, की आपल्याला कळत नाही. ते भिंग काढलं की अडवलेला निळा एकदम आत येतो आणि काही दिवस जग निळंच वाटतं. मोने नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं 1923 साली उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याचीही हीच तक्रार होती. मी उभीच होते. मला कोणी बसा म्हटलं नाही. तक्त्याला कोण बसा म्हणतं?

गृहस्थांचा चेहरा उजळला. "म्हणजे लेन्स ठीक आहे," ते म्हणाले. "बाईंचंच काहीतरी झालंय."

निघता निघता त्यांनी जुना डोळा झाकला आणि माझ्या पाठीकडे बघून हाक मारली, "पण मानेपाशी हिरवं आहे हो! हे मात्र नव्या डोळ्यानेही हिरवंच दिसतंय!"

पार्लरच्या मुलीला दिसलं नाही, मुलीला दिसलं नाही, आरशात मला दिसायची सोयच नाही. दोन आठवडे मी मानेपाशी हिरवी फिरत होते आणि ते कळलं कोणाला, तर ज्याला माझे केस निळे आहेत हेच पटत नव्हतं त्याला. त्यात हा रंग प्रत्येक धुण्याला थोडा उतरतो, म्हणजे हिरवं आता वरवर सरकणार. म्हणून गार पाण्याने डोकं धुते, तेही मोजून. उशीचा अभ्रा तरी निळा झालाच आहे.

घरी येऊन ह्यांना खिडकीपाशी उभं केलं आणि मान दाखवली. "हिरवं दिसतं?"

त्यांनी बराच वेळ निरखलं. "सगळं सारखंच तर आहे," म्हणाले. "करडं."

आज सकाळी फोन करून त्यांचा नंबर लावला. अकरावाच मिळाला.