फोन आधी, पण फोननंतर काय?

वाचकाची प्रतिक्रिया: "मी वागळे इस्टेटमध्ये १८ वर्षं सप्लायचं काम करतोय. एकही ऑर्डर मेल फॉरवर्ड होऊन मिळालेली नाही, सगळ्या फोनवर मिळाल्या. ओळखीच्या माणसाला तयार मजकूर लिहून द्यायचा म्हणजे त्याला पोस्टमन समजणं झालं. मला कुणी असं पाठवलं तर मी तरी पुढे पाठवणार नाही."

नमस्कार,

नव्या माणसापर्यंत ओळखीतून पोचायचं असेल तर मधल्या माणसाला पुढे पाठवता येईल असा मजकूर आपणच लिहून द्यावा, असं मी लेखात लिहिलं होतं. फोनचं तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, आणि माझ्या लेखात ते राहून गेलं ही माझी चूक. न विचारता कुणाच्या इनबॉक्समध्ये तयार मजकूर टाकला तर मलाही राग येईल. आधी फोन करायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या: मला ज्यांना भेटायचंय त्यांच्याशी तुमची खरंच बोलण्याइतकी ओळख आहे का, आणि माझ्याबद्दल त्यांना सांगायला तुम्हाला संकोच तर वाटणार नाही ना? लिंक्डइनवर दोघं जोडलेले दिसतात, पण प्रत्यक्षात एकदा प्रदर्शनात कार्ड दिलेलं असतं. तसं असेल तर तिथेच थांबायचं.

माझा मुद्दा फोननंतरचा आहे. मी महापेला व्हेंडर डेव्हलपमेंटला, म्हणजे कंपनीसाठी नवे पुरवठादार शोधायचं काम करते, त्यामुळे अशा ओळखी माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतात. माझ्या मैत्रिणीचं उदाहरण तिच्या परवानगीने सांगते.

ती कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मोजमापाची उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. रबाळ्याच्या एका कारखान्यात सुमारे १४० प्रेशर गेज आहेत आणि ते दरवर्षी तपासायला बाहेर पाठवावे लागतात. गेज परत येईपर्यंत आठ-दहा दिवस जातात, तोवर लाइनवर स्पेअर लावून भागवायचं. तिची लॅब मास्टर गेज आणि कंपॅरेटर घेऊन कारखान्यातच येते, म्हणजे सकाळी काढलेला गेज संध्याकाळी परत जागेवर. तिथले मेंटेनन्स मॅनेजर तिच्या जुन्या साहेबांच्या ओळखीचे होते, दोघं पूर्वी कंपनीच्या एकाच बसने जायचे. तिने साहेबांना फोन केला, साहेबांनी मनापासून मॅनेजरना फोन केला आणि सांगितलं, "आमच्याकडची एक हुशार मुलगी आहे, गेजचं काम करते, जरा बघा." मॅनेजरना वाटलं गेज विकते. त्यांनी पर्चेसचा नंबर दिला. पर्चेसने रेट लिस्ट मागितली आणि विषय तिथेच संपला.

साहेबांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांचा हा विषयच नाही, त्यांना नेमकं सांगता येणार कसं? आपल्या धंद्याची ओळख दुसऱ्याने त्याच्या शब्दांत करून द्यावी, ही अपेक्षाच त्याच्यावर ओझं टाकते.

चार महिन्यांनी तिने पुन्हा साहेबांना फोन केला, पुढे पाठवता येईल असं काही लिहून देऊ का विचारलं, आणि हा मेल पाठवला. मूळ मेल इंग्रजीत होता, इथे मराठीत देते. विषयाच्या ओळीत होतं: "रबाळे प्लांट: प्रेशर गेजचं जागेवर कॅलिब्रेशन, १५ मिनिटांची भेट".

"सर, तुम्ही रबाळ्याच्या मेंटेनन्स मॅनेजरना ओळखता असं म्हणालात, म्हणून लिहिते. आमची लॅब कारखान्यात येऊन प्रेशर गेज तपासते, गेज त्याच दिवशी परत लाइनवर जातो. आमच्या एनएबीएलच्या स्कोपमध्ये साइटवरचं काम आहे, त्यामुळे सर्टिफिकेट ऑडिटला चालतं. त्यांचं वार्षिक कॅलिब्रेशन ठरायच्या आधी मला १५ मिनिटं भेटायचं आहे, त्यांच्या सोयीच्या कुठल्याही दिवशी. हे काम त्यांच्याकडे दुसरं कुणी बघत असेल तर तेवढं नाव कळलं तरी पुरे." खाली तिचं नाव, हुद्दा, फोन.

हा मजकूर मॅनेजरच्या नजरेने वाचून बघा. वर "सर" लिहिलंय, पण प्रत्येक वाक्य त्यांच्यासाठी आहे. विषयाची ओळही त्यांच्या कामाची आहे, कारण फॉरवर्ड केल्यावर तीच त्यांना दिसते. "एक मदत हवी होती" असा विषय साहेबांना कळला असता, मॅनेजरना नाही. एनएबीएल म्हणजे लॅबना मान्यता देणारी संस्था, तिचं वाक्य मुद्दाम घातलंय. लॅबला मान्यता असली तरी साइटवरचं काम स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या कामांच्या यादीत, वेगळं असावं लागतं आणि अनुभवी माणूस तेच आधी विचारतो. त्याचं उत्तर मेलमध्येच असल्यामुळे साहेबांना मधे निरोप्या व्हावं लागलं नाही. पोस्टमन होण्याची वेळ येते ती खरं तर मजकूर अर्धवट असला की. पुढच्या प्रश्नोत्तरांसाठी दोन्हीकडे फोन करत बसावं लागतं.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नकार देणं सोपं असलं की साहेबांचाही संबंध बिघडत नाही.

साहेबांशी खासगी बोलणं तिने व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं केलं: "सर, मेल पाठवलाय. योग्य वाटलं तरच पुढे पाठवा, त्यात हवं ते बदला. आत्ता वेळ बरोबर नसेल तर राहू द्या." हे मेलमध्ये लिहायचं नाही आणि जुन्या मेलला रिप्लाय म्हणूनही मजकूर पाठवायचा नाही. मी स्वतः ही चूक केली आहे. एका ओळखीच्या मुलाची विनंती मी आमच्या जुन्याच मेलवरून पुढे ढकलली. खाली कुठेतरी त्याने लिहिलं होतं, "त्या साहेबांचं पर्चेसशी पटत नाही म्हणतात." ज्यांना मेल गेला त्याच साहेबांनी ते वाचलं. मला फोन करून माफी मागावी लागली आणि त्या मुलाचं काम कायमचं गेलं. म्हणून प्रत्येक वेळी कोरा मेल. त्यात दर नाहीत, सध्याच्या व्हेंडरबद्दल शब्द नाही, तिसऱ्या माणसाबद्दल काही नाही.

तुमच्या ओळखीचे लोक मेल बघत नसतील तर तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. फक्त त्यांना तो कॉपी करून पाठवायला सांगा. सरळ फॉरवर्ड केला तर वर "फॉरवर्डेड" असं येतं आणि माणूस सकाळच्या शुभेच्छांसारखा तो न वाचता पुढे जातो.

मजकूर जमला की नाही ते मधल्या माणसाच्या वागण्यावरून कळतं. त्याने "मी काय लिहू?" असं विचारलं तर आपलं लिहिणं अपुरं पडलंय. त्याने काहीच केलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करायची आणि मग विषय सोडायचा. दुसऱ्यांदा आठवण केली की तो आपला फोन उचलणं टाळायला लागतो.

साहेबांनी वर एकच ओळ लिहिली, "ही माझ्या हाताखाली तीन वर्षं होती, काम चोख आहे," आणि मेल पुढे पाठवला. तुमच्या अनुभवातला फोन जे करतो ते या ओळीने केलं. ती ओळ तिने लिहून दिली नव्हती, आणि देऊही नये. विश्वास मधल्या माणसाच्याच शब्दांत जायला हवा, तपशील आपल्या.

मॅनेजरचं उत्तर दोन दिवसांनी आलं, साहेबांना सीसीत ठेवून: "ऑडिट फेब्रुवारीत आहे, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात या." तिने तासाभरात उत्तर दिलं, साहेबांचे आभार मानले आणि त्यांना बीसीसीत टाकलं. उत्तर गेलं हे त्यांना दिसलं आणि पुढच्या तारखा-वेळांच्या मेलांतून ते सुटले. भेट झाल्यावर तिने त्यांना एवढंच कळवलं: "सर, भेटून आले. आधी १२ गेज ट्रायलला दिलेत."