भिंतीवरची ‘खिडकी’ आणि आठ पिक्सेलांचा संसार

नवीन कॅफेच्या मालकाला भिंतीवर निऑनमध्ये नाव हवं असतं. पाटी व्हायच्या आधी ती कशी दिसेल हे दाखवायचं काम माझ्याकडे येतं, म्हणजे मॉकअप. समजा नाव आहे ‘खिडकी’. अर्थात ज्या भिंतीला खिडकी नाही, नेमकी तीच भिंत.

मुळात या निऑनमध्ये निऑन नसतो. फ्रेंच संशोधक जॉर्ज क्लोदने १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात लावलेल्या काचेच्या नळ्यांत तो वायू खरोखर होता. आपल्याकडे आता पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर चिकटवलेली सिलिकॉनची एलईडी पट्टी असते. तरी नाव निऑनच, जसं डालड्याचं तूप.

पहिला घोळ मापाचा. ३०० सेंटिमीटर भिंत फोटोत ३००० पिक्सेल भरत असेल, तर एका सेंटिमीटरला १० पिक्सेल. ९० सेंटिमीटरचं नाव म्हणजे ९०० पिक्सेल, आणि ८ मिलिमीटरची पट्टी म्हणजे अवघे ८ पिक्सेल. हे आठ पिक्सेल गिऱ्हाइकाला पाहवत नाहीत. “दादा, जरा ठसठशीत करा ना.” करतो की! ३० पिक्सेल केले, चित्र झकास दिसलं. फक्त आता तीन सेंटिमीटर जाड पट्टी लागेल आणि ती दुकानात मागितली की दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो.

दुसरा घोळ रंगाचा. गुलाबी निऑन हवं म्हणून नवशिके अक्षरं गडद गुलाबी रंगवतात. ते निऑन दिसत नाही, रांगोळी दिसते. फोटोत पेटलेल्या पट्टीचा गाभा जवळजवळ पांढरा उमटतो, कारण कॅमेऱ्याला एवढा उजेड सोसत नाही. गुलाबीपणा सगळा कडेला आणि भिंतीवर असतो. म्हणून अक्षर फिकट पांढुरकं ठेवायचं आणि त्याच्या दोन प्रती फोटोशॉपच्या Gaussian Blur ने धूसर करायच्या, एक १० पिक्सेलने, दुसरी ६० ने आणि बरीच पुसट.

पण ही धूसर प्रत भिंतीवर नुसती Screen मध्ये, म्हणजे खालचं सगळं उजळवणाऱ्या मिश्रणात, टाकली की विटांच्या भिंतीवर गुलाबी धुकं उतरतं. विटांमधल्या सांध्यांसकट सगळं एकसारखं उजळतं. खरा उजेड असा वागत नाही. जे काळं आहे ते उजेडातही काळपटच राहतं. त्यासाठी उजेड कमी-जास्त करणारा Curves चा थर घ्यायचा, तो कुठे लागू व्हावा हे ठरवणाऱ्या त्याच्या मास्कमध्ये ती धूसर अक्षरं भरायची आणि भिंतच उजळायची, म्हणजे विटा उजळतात आणि सांधे जागच्या जागी राहतात. त्याआधी मूळ फोटो चांगला दीड-दोन स्टॉप अंधारा करायला हवा. भर दुपारच्या उन्हातल्या फोटोवर चमक दाखवणं म्हणजे दिवसा काजवे पकडणं. आणि उजेड बेतानंच! काचेची नळी चहूबाजूंनी उजळते. ही पट्टी मुख्यतः समोर उजेड फेकते, भिंतीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मॉकअपमध्ये भिंतभर आभा दाखवली की पाटी लागल्यावर फोन ठरलेला.

आता खरी परीक्षा, देवनागरी. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत World-Ready Layout ही सेटिंग निवडलेली नसेल तर ‘खि’ची वेलांटी ‘ख’च्या मागे जाऊन बसते. निदान ही चूक दिसते तरी. न दिसणारी चूक शिरोरेघेत आहे. इंग्रजी नाव पळतं अक्षर घेऊन एका दमात वळवता येतं. आपल्याकडे शिरोरेघ आडवी, काने तिला लटकलेले, वेलांट्या तिच्यावर चढलेल्या, आणि पट्टीला फांदी फुटत नाही. प्रत्येक काना हा वेगळा तुकडा, त्याच्या टोकाला टोपी, टोपीपाशी उजेड नाही. शिवाय पट्टी खुणेवरच कापता येते. म्हणून जोडापाशी तीन-चार पिक्सेलांची फट मी मॉकअपमध्येच दाखवतो. ‘ड’चं वळणही थोडं ऐसपैस काढतो, कारण पट्टी दुमडली की आतले दिवे जातात.

“हे अक्षर तुटल्यासारखं दिसतंय हो.”

“तुटलेलंच असणार आहे.”

यानंतर जी शांतता पसरते, ती मापायला पिक्सेल नाहीत.

शेवटी वायर. साधारण चार मीटर पट्टी, मीटरला १० वॅट धरले तर ४० वॅट. १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आत-बाहेर, म्हणून ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर. तो विटेएवढा डबा कुठेतरी बसणार, आणि पाटीतून एक वायर त्याच्याकडे उतरणार. बाजारात मिळणाऱ्या तयार मॉकअपांत पाट्या बहुधा भक्तीवर पेटतात. मी वायर काढतो, पाटी भिंतीपासून जरा दूर धरणारे चार स्पेसर काढतो, अ‍ॅक्रिलिकच्या कडेची बारीक चमकही काढतो.

गिऱ्हाईक मन लावून चित्र पाहतं, मान डोलावतं आणि वायरीवर बोट ठेवतं. “बाकी सगळं एक नंबर. एवढं फक्त खोडून टाका.”