नव्वद टक्के अचूक टेस्ट, पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि बारातला एक

"टेस्ट नव्वद टक्के अचूक आहे आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. मग आजार असण्याची शक्यता किती?" कुणालाही विचारून बघा. बहुतेक जण फारसा विचार न करता म्हणतील, नव्वद टक्के. हे उत्तर चुकीचं आहे, आणि थोडंथोडकं नाही. खरा आकडा कित्येकदा दहाच्याही खाली असतो.

सूत्रं बाजूला ठेवू, नुसती माणसं मोजू. काहीही त्रास नसलेल्या १०,००० माणसांची सरसकट तपासणी केली, असं समजा. आजार शंभरात एकाला होतो. म्हणजे १०० जण आजारी, ९,९०० ठणठणीत. टेस्ट दोन्ही गटांत नव्वद टक्के बरोबर उत्तर देते. आजारी शंभरांपैकी ९० जण पॉझिटिव्ह येतात, १० निसटतात. ठणठणीत लोकांपैकी नव्वद टक्के बरोबर निगेटिव्ह येतात, पण उरलेले दहा टक्के, म्हणजे ९९० जण, काहीही झालेलं नसताना पॉझिटिव्ह येतात.

आता पॉझिटिव्ह रिपोर्टांचा गठ्ठा हातात घ्या. ९० अधिक ९९०, एकूण १,०८०. त्यात खरे आजारी ९०. बारा रिपोर्टांमागे एक. साधारण ८ टक्के.

टेस्टने कुठेही फसवलेलं नाही, ती सांगितल्याइतकीच अचूक वागली. दहा टक्के चूक कागदावर लहान दिसते, पण ती ९,९०० माणसांवर लागू होते. नव्वद टक्के यश मात्र फक्त शंभरांच्या वाट्याला येतं. निरोगी माणसं मुळातच इतकी जास्त आहेत की त्यांच्यातल्या चुकाच खऱ्या रुग्णांना झाकून टाकतात.

हा घोटाळा फक्त सामान्य माणसांचा होतो असं कुणाला वाटत असेल, तर १९७८ सालचा एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. हार्वर्डच्या शिक्षण रुग्णालयांतल्या ६० जणांना, त्यात डॉक्टर होते आणि वैद्यकीय विद्यार्थीही, जवळपास हाच प्रश्न विचारला गेला. आजार हजारात एकाला, निरोगी लोकांत चुकून पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण ५ टक्के, माणसाच्या लक्षणांबद्दल काहीच माहिती नाही. पॉझिटिव्ह आला तर आजार असण्याची शक्यता किती? सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं ९५ टक्के. खरं उत्तर सुमारे २ टक्के, कारण हजार माणसांत एका खऱ्या रुग्णामागे पन्नासेक खोटे पॉझिटिव्ह निघतात. बरोबर उत्तर दिलं ६० पैकी ११ जणांनी.

मला यात डॉक्टरांच्या हुशारीचा प्रश्न दिसत नाही. गडबड प्रश्न मांडण्याच्या पद्धतीत आहे. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवून दिलं: टक्केवारी काढून टाका आणि "हजारातले इतके" अशी माणसं मोजा, की बरोबर उत्तर देणारे लगेच वाढतात. टक्क्यांत बोललं की दोन वेगळे प्रश्न एकच वाटायला लागतात. "आजारी माणसाची टेस्ट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता" हा एक प्रश्न. "टेस्ट पॉझिटिव्ह आलेला माणूस आजारी असण्याची शक्यता" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर किटवर छापता येतं. दुसऱ्याचं छापता येत नाही, कारण ते टेस्ट कुणाची केली यावर ठरतं.

म्हणजे कसं? तीच टेस्ट, तेच किट, फक्त आता समोरचे १०,००० लोक वेगळे. सगळ्यांना नेमकी त्याच आजाराची लक्षणं आहेत आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना तो खरोखर झालेला आहे. आजारी ५,००० पैकी ४,५०० पॉझिटिव्ह, निरोगी ५,००० पैकी ५०० पॉझिटिव्ह. आता पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरोखर नव्वद टक्के आजारी निघतात. एकाच टेस्टचा एकच शब्द एका रांगेत ८ टक्के सांगतो, दुसऱ्या रांगेत ९०. म्हणून टेस्ट लिहून देण्याआधी डॉक्टर ताप किती दिवस आहे, घरात कुणाला झालं होतं का, असं विचारत बसतात तेव्हा तो टाइमपास नसतो. रिपोर्टचा अर्थ निम्मा तिथेच ठरत असतो. आणि लक्षण नाही, कारण नाही, तरी "एकदा सगळं चेक करून टाकू" म्हणून टेस्टांची यादी करून घेणाऱ्याने आपण पहिल्या रांगेत उभे आहोत हे ध्यानात घ्यावं.

याचा उलटा अर्थही काढू नका. "म्हणजे टेस्ट फालतू" असं म्हणणारे लोक मला तितकेच खटकतात. रिपोर्टच्या आधी शक्यता १ टक्का होती, नंतर ८ टक्के झाली. ही वाढ मोठी आहे आणि पुढे तपास करायलाच हवा. निगेटिव्ह आलेल्या ८,९२० जणांत तर आजारी फक्त १० आहेत. सरसकट तपासणीतली टेस्ट चाळणीचं काम करते, निकाल देत नाही.

राहिला तो "नव्वद टक्के अचूक" हा शब्दप्रयोग. तो अर्धवट आहे आणि जाहिरातीत तो बघितला की मला चीड येते. सगळ्यांना डोळे मिटून निगेटिव्ह लिहून देणारी लॅब काढा. वरच्या १०,००० माणसांत ती ९,९०० वेळा बरोबर ठरेल. ९९ टक्के अचूक, आणि एकही रुग्ण सापडलेला नाही! म्हणून दोन आकडे वेगवेगळे विचारायचे: आजारी लोकांपैकी किती पकडते, म्हणजे सेन्सिटिव्हिटी, आणि निरोगी लोकांपैकी कितींना बरोबर सोडून देते, म्हणजे स्पेसिफिसिटी. आजार दुर्मीळ असेल तर खरा खेळ दुसऱ्या आकड्याचा. आपल्या उदाहरणात सेन्सिटिव्हिटी ९० वरून थेट १०० केली, तरी पॉझिटिव्ह रिपोर्ट खरा असण्याची शक्यता ८ वरून जेमतेम ९ टक्क्यांवर जाते. त्याऐवजी स्पेसिफिसिटी ९० ची ९९ केली, तर खोटे पॉझिटिव्ह ९९० चे ९९ होतात आणि शक्यता ४८ टक्क्यांवर पोहोचते.

मग पॉझिटिव्ह आल्यावर पुन्हा टेस्ट करायची का? करायची. पहिल्या गठ्ठ्यातल्या १,०८० जणांची तितक्याच अचूकतेची दुसरी टेस्ट केली, तर ९० पैकी ८१ खरे आणि ९९० पैकी ९९ खोटे पुन्हा पॉझिटिव्ह येतात. शक्यता ४५ टक्के होते. पण हे गणित एका अटीवर चालतं: दुसऱ्या टेस्टच्या चुका पहिलीपेक्षा वेगळ्या कारणाने व्हायला हव्यात. नाहीतर ते त्याच साक्षीदाराला पुन्हा तोच प्रश्न विचारण्यासारखं होतं.

सिफिलिसची व्हीडीआरएल टेस्ट बघा. ती थेट जंतू शोधत नाही, कार्डिओलिपिन नावाच्या चरबीसारख्या पदार्थाविरुद्धची अँटिबॉडी शोधते. ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, असलेल्या माणसाच्या रक्तात, कधी गरोदर बाईच्या रक्तातही, सिफिलिस नसताना ती अँटिबॉडी सापडू शकते. अशा बाईची व्हीडीआरएल पुन्हा केली, दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन केली, तरी ती पॉझिटिव्हच येण्याची शक्यता दांडगी, कारण अँटिबॉडी खरोखरच रक्तात आहे. तिथे टीपीएचए लागते, जी सिफिलिसच्या जंतूविरुद्धचीच अँटिबॉडी तपासते. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आणि टीपीएचए निगेटिव्ह असे दोन कागद शेजारी ठेवले, की डॉक्टर सिफिलिसचा विचार मागे टाकून ल्युपसच्या दिशेने प्रश्न विचारायला लागतात: सांधे दुखतात का, आधी गर्भपात झाले होते का, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे येतात का.