पॉलिसीवरच्या दोन तारखा आणि पावसाचं पाणी

«गाडीचा फुल इन्शुरन्स आहे ना? मग पावसाळ्यात निर्धास्त राहा. गाडी पाण्यात बुडाली तरी सगळा खर्च कंपनी देते. रिन्यूअलची घाई नको, ९० दिवसांची सूट असते. आणि नवीन गाडीला तर तीन वर्षं बघायचंच नाही.»

या सल्ल्यातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण क्लेमच्या कामात सगळ्यात जास्त घोळ मला तिथेच दिसतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारबरोबर तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई त्यातून होते. आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान मात्र 'ओन डॅमेज' या भागात येतं, आणि नव्या गाडीच्या पॉलिसीत तो भाग सहसा एकाच वर्षाचा असतो. पूर, वादळ, गारपीट, दरड, टपावर पडलेली फांदी हे सगळं याच भागात.

पॉलिसीचं पहिलं पान उघडा. तिथे मुदतीच्या दोन वेगळ्या ओळी दिसतील. समजा कार जुलै २०२४ मध्ये घेतली. थर्ड पार्टीपुढे जुलै २०२७ असेल आणि ओन डॅमेजपुढे जुलै २०२५. माणूस लांबची तारीख लक्षात ठेवतो. रस्त्यात कागद तपासले तरी थर्ड पार्टी चालू असल्यामुळे दंड होत नाही, म्हणून ओन डॅमेज संपल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. अशा वेळी फक्त ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी घ्यायची असते. १ सप्टेंबर २०१९ पासून ती मिळते आणि थर्ड पार्टी ज्या कंपनीची आहे त्याच कंपनीकडून घेण्याची सक्ती नाही.

आता ९० दिवसांचं. ही मुदत खरी आहे, पण ती नो क्लेम बोनसची आहे. क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळणारी सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जाते. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नवी घेतली तर ही सूट शाबूत राहते, एवढाच त्याचा अर्थ. मधल्या दिवसांत विमा नसतो. विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं की हप्ता आधी जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही, त्यामुळे मागच्या तारखेपासून संरक्षण मिळत नाही.

उदाहरणार्थ, ओन डॅमेज १० जूनच्या मध्यरात्री संपलं. २४ जूनला सोसायटीच्या आवारात पाणी भरलं आणि २५ तारखेला मालकाने पैसे भरायला घेतले. खंड पडल्यामुळे कंपनी आधी गाडीची तपासणी मागते आणि भिजलेल्या सीट, गढूळ पाण्याची रेघ हे सगळं 'आधीचं नुकसान' म्हणून नोंदलं जातं. बोनस वाचला, पण २४ तारखेच्या नुकसानाचा क्लेम नाही. तेच पैसे ९ जूनला भरले असते तर तपासणीही सहसा लागली नसती.

'फुल इन्शुरन्स' या शब्दाबद्दल जरा सविस्तर लिहितो. पॉलिसीत असा शब्दच नसतो. पुराने झालेलं थेट नुकसान पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र असलेल्या पॉलिसीत आहे, यात शंका नाही. अडतं ते इंजिनपाशी. हवा आत घेणारी नळी बहुतेक गाड्यांत पुढच्या बाजूला, ग्रिल किंवा हेडलाइटच्या आसपास असते. पाणी तिथपर्यंत चढलं आणि इंजिन चालू असलं, तर हवेबरोबर पाणीही सिलिंडरमध्ये ओढलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजमध्ये याला 'हायड्रो लॉक' म्हणतात.

यातून नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला काय कळतं, ते समजून घ्या. उभ्या, बंद गाडीत पाणी शिरलं तर इंजिनमध्ये पाणी सापडेल, डिपस्टिकवर ऑइल चहासारखं दुधाळ दिसेल, पण रॉड सरळ असतो. रॉड वाकला असेल तर इंजिन पाण्यात चालू होतं किंवा नंतर कुणीतरी स्टार्टर मारला, असा निष्कर्ष निघतो. हे नुकसान पुराचं नसून त्यानंतरच्या कृतीचं, म्हणजे परिणामी नुकसान, असं कंपन्या सहसा म्हणतात, आणि परिणामी नुकसान मूळ पॉलिसीत वगळलेलं आहे. यावर ग्राहक आयोगांत वादही झाले आहेत. पण गाडी गॅरेजमध्ये पडून असताना वाद घालण्यापेक्षा रिन्यूअलच्या वेळी 'इंजिन प्रोटेक्ट' ॲड-ऑनचा, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायच्या संरक्षणाचा, विचार करणं मला सोपं वाटतं. त्यालाही मर्यादा आहेत. बऱ्याच कंपन्या ठरावीक वयापर्यंतच्याच गाड्यांना ते देतात, आणि पाणी शिरल्यावर गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला तर अनेक ॲड-ऑनमध्येही क्लेम अडतो.

ते प्रत्येकाला लागतंच असं नाही. गाडी उंचावरच्या पार्किंगमध्ये असते, पाणी साचणाऱ्या रस्त्यावरून जाणं नाही, साचलं तर तुम्ही थांबता, अशा माणसाने ते नाही घेतलं तर मी चूक म्हणणार नाही.

राहिला 'सगळा खर्च'. साडेतीन वर्षांची, १५०० सीसीपर्यंतची कार घ्या. पाणी सीटपर्यंत आलं, इंजिन वाचलं. समजा बिलात धातूचे भाग २०,००० रुपये, प्लास्टिक आणि रबराचे ३०,००० आणि मजुरी १५,०००, म्हणजे एकूण ६५,०००. या वयाच्या गाडीला धातूवर २५ टक्के घसारा, म्हणजे ५,०००. प्लास्टिक आणि रबरावर, गाडी कितीही नवी असली तरी, ५० टक्के, म्हणजे १५,०००. मजुरीवर घसारा नाही. शिवाय १,००० रुपये सक्तीची वजावट. कंपनीकडून ४४,००० येतात, तुमच्या खिशातून २१,००० जातात. घसारा न कापणारं 'झिरो डेप' ॲड-ऑन घेतलेलं असेल तर घसाऱ्याचे २०,००० वाचतात आणि फक्त वजावट उरते. पाण्याच्या नुकसानीत आतलं प्लास्टिकच जास्त बदलावं लागतं, म्हणून झिरो डेपचा फरक इथे ठळक दिसतो.

पाण्यात गाडी बंद पडली तर चावी फिरवू नका. पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि टो करून न्या.

रिन्यूअलचा मेसेज आला की लिंकवर लगेच पैसे भरण्याआधी गेल्या वर्षीची पॉलिसी शेजारी उघडून ठेवा. कमी दिसणाऱ्या हप्त्यात कधीकधी एखादं ॲड-ऑन गळलेलं असतं किंवा आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा रक्कम, खाली आणलेली असते. आणि ही ॲड-ऑन सहसा पॉलिसी सुरू होतानाच घेता येतात, त्यामुळे राहून गेलेलं जुलैमध्ये आठवलं तर पुढच्या रिन्यूअलपर्यंत थांबावं लागतं.