मंदी, पगारकपात आणि एक फॉरवर्ड

"मंदीत कंपनी ३० टक्क्यांपर्यंत पगार कापू शकते, बिनपगारी सुट्टीवरही पाठवू शकते. सही-संमती लागत नाही. 'काम नाही तर दाम नाही' हाच कायदा आहे. कोरोनात सुप्रीम कोर्टानं तेच सांगितलं. ५० पेक्षा कमी कामगार असतील तर काहीच लागू होत नाही."

नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी या औद्योगिक भागांतल्या कामगारांच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतो आहे. त्यात चुका तर आहेतच, पण बेमालूम मिसळलेली अर्धसत्यं जास्त त्रास देतात.

आधी ३० टक्के. हा आकडा कोणत्याही कायद्यात नाही. औद्योगिक संबंध संहिता आणि वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. वेतन संहितेत पगारातून काय काय वळतं करता येतं याची यादी आहे. गैरहजेरी, दंड, नुकसानभरपाई, ॲडव्हान्सची वसुली, पीएफ वगैरे त्यात येतात. 'धंदा मंद आहे' हे कारण त्या यादीत नाही. मग मालक म्हणतो, "मी कापत नाही, पगाराचा दरच बदलतोय." तिथे दुसरा दरवाजा बंद होतो. कामगाराच्या वेतनात बदल करायचा असेल, तर औद्योगिक संबंध संहितेनुसार आधी नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस थांबावं लागतं. आणि महिना संपल्यावर मागच्या महिन्याचा पगार कमी करायचा म्हटलं, तर त्याला आधारच नाही. ते काम झालेलं असतं, त्याचा पैसा कमावलेला असतो.

सहीबद्दल मात्र ग्रुपवरच्या दोन्ही बाजू थोड्या चुकतात. 'सहीशिवाय एक रुपयाही हलत नाही' हेही खरं नाही. नोटीस दिली, २१ दिवस गेले आणि कोणीच हालचाल केली नाही, तर मालक बदल लागू करू शकतो. म्हणजे हे २१ दिवस कामगारांनी वाद उभा करण्यासाठी आहेत. युनियननं किंवा बऱ्याच कामगारांनी मिळून कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे वाद नेला आणि समेटाची कार्यवाही सुरू झाली, की ती चालू असेपर्यंत त्या वादाच्या विषयात कामगारांचं नुकसान होईल असा बदल मालकाला करता येत नाही. एकट्या कामगाराला पगारकपातीवर असा औद्योगिक वाद उभा करणं अवघड असतं, कारण एकट्याचा वाद कायदा प्रामुख्यानं नोकरी जाण्यापुरताच मानतो. पण बेकायदा कापलेला पैसा परत मागायला वेतन संहितेखाली एकटाही अर्ज करू शकतो. त्याची मुदत तीन वर्षांची आहे.

आता 'काम नाही तर दाम नाही'. हे तत्त्व कामगार स्वतः आला नाही किंवा संपावर गेला, तेव्हासाठी आहे. कामगार वेळेवर गेटवर उभा आहे आणि मालक म्हणतो "आज काम नाही", तर त्याला ले-ऑफ म्हणतात. ले-ऑफला कायद्यात ठरलेली कारणं आहेत: वीज, कोळसा किंवा कच्चा माल कमी पडणं, तयार माल पडून राहणं, यंत्र बिघडणं, नैसर्गिक आपत्ती आणि यांच्याशी जोडलेलं दुसरं कारण. मंदीत गोदाम मालानं भरलं असेल तर ते कारण यात बसतं. 'यंदा नफा कमी' हे त्यात नाही.

एक उदाहरण घेऊ. हिंगण्याचं ८० कामगारांचं फॅब्रिकेशन युनिट धरा. फिटरचा बेसिक आणि डीए मिळून १५,६०० रुपये, इतर भत्ते ५,२००, एकूण २०,८००. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचे ८०० रुपये होतात, त्यातले ६०० बेसिक-डीएचे. ऑर्डर नाहीत, माल पडून आहे, म्हणून एचआरनं दहा दिवसांची 'बिनपगारी सुट्टी' जाहीर केली. एचआरच्या हिशेबानं फिटरचे ८,००० रुपये गेले. कायद्याच्या हिशेबानं हा ले-ऑफ आहे, आणि फिटरनं एक वर्षाची सलग सेवा केली असेल तर बेसिक-डीएच्या निम्मे, म्हणजे रोजचे ३०० याप्रमाणे ३,००० रुपये त्याला मिळायलाच हवेत. तरी त्याचं नुकसान ५,००० चं आहेच. निम्मी भरपाई ही काही मेजवानी नाही, पण शून्य आणि तीन हजार यांत फरक आहे.

ही भरपाई कामगार स्वतःच्या हातानं घालवतात. ले-ऑफच्या दिवसांतही कामाच्या वेळी दिवसातून एकदा हजर राहून नाव नोंदवणं अपेक्षित असतं. "घरी राहा" ऐकून कामगार गावी निघून जातो आणि पुढे मालक म्हणतो, हा आलाच नाही. एचआर कधी "रजेचा अर्ज भरून द्या, औपचारिकता आहे" असं सांगते. तो अर्ज भरला की ले-ऑफ संपतो आणि तुम्ही स्वखुशीनं रजेवर गेलेले ठरता. मस्टरवर नाव लागत नसेल तर गेटवर त्या दिवशी हजर असल्याचा मेसेज सुपरवायझरला पाठवा, रोज.

कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर ले-ऑफसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. वीजटंचाई किंवा नैसर्गिक आपत्तीसारखी कारणं त्याला अपवाद आहेत. जुन्या कायद्यात ही संख्या १०० होती.

पन्नासची मर्यादा खरी आहे, पण ती फक्त या निम्म्या भरपाईच्या कलमांपुरती. ते कलम लागू नाही म्हणजे मालक मोकळा, असं होत नाही. फायरस्टोन टायर कंपनीच्या खटल्यात १९७६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ले-ऑफ करण्याचा मालकाला आपोआप मिळालेला अधिकार नाही. तो कायद्यात, स्थायी आदेशांत म्हणजे कारखान्याच्या नोकरीविषयक लेखी नियमांत, किंवा नोकरीच्या करारात असावा लागतो. तो तिथं नसेल तर कामगाराचा वेतनावरचा हक्क जागाच राहतो. म्हणजे ३० कामगारांच्या शॉपमध्ये पहिला प्रश्न असा की नेमणूकपत्रात किंवा स्थायी आदेशांत ले-ऑफचं कलम आहे का.

कोरोनाचा निकाल कोणी वाचलेलाच दिसत नाही. गृह मंत्रालयानं २९ मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये पूर्ण पगार द्या असा आदेश काढला होता. त्याविरुद्ध कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या. मे महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला. १२ जून २०२० च्या अंतरिम आदेशात सुप्रीम कोर्टानं मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हटलं, आणि मालक-कामगारांनी बोलणी करून तडजोड करावी, नाही जमलं तर कामगार खात्याकडे जावं असं सांगितलं. कोर्ट तडजोडीकडे बोट दाखवत होतं. त्यात एकतर्फी कपातीची मुभा कुठून आली?

नागपूरच्याच मिहान प्रकल्पातल्या ऑफिसांत हिशेब बदलतो. मॅनेजर कायद्याच्या अर्थानं 'कामगार' नसतात, त्यामुळे २१ दिवसांची नोटीस आणि ले-ऑफ भरपाई त्यांना नाही. पदाच्या नावावर मात्र जाऊ नका, कोर्ट प्रत्यक्ष काम बघतं. 'टीम लीड' म्हणवणारे कित्येक जण दिवसभर स्वतःच काम करत असतात. जे खरोखर मॅनेजर आहेत त्यांच्यासाठी नेमणूकपत्र हा करार आहे आणि करार एकतर्फी बदलत नाही. धोका गप्प बसण्यात आहे. तीन महिने कमी पगार मुकाट घेतला की कंपनी म्हणते, तुम्ही वागण्यातून मान्यता दिली. म्हणून पहिला कमी पगार खात्यात पडला की त्याच आठवड्यात एचआरला ईमेल करा: "ही कपात मला मान्य नाही. आलेली रक्कम माझे हक्क राखून स्वीकारत आहे. उरलेली रक्कम द्यावी." तो ईमेल आणि पगाराच्या पावत्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, स्वतःकडे ठेवा.