वार पडायची वाट बघू नका

"वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही असं घरचे म्हणतात, खरं काय?"

नाही ओ, आमच्या निपाणीकडं पण हेच चालायचं, थोरल्या एचएफ कालवडीला 6 तासांनी चीक मिळाला, मग महिनाभर हगवण, अंग धरलंच नाही आणि पहिला माज 22 महिन्यांनी. तिच्या पाठच्या बहिणीला (35 किलोची होती) तासाभरात बाटलीनं 2 लिटर पाजलं, संध्याकाळी परत दीड. चिकातली ताकद आतड्यातनं रक्तात जायची वाट तासातासाला बंद होत जाते, 24 तासांनी जवळपास बंदच. दूध तोडलं ते पण तारीख बघून नाही, रोज किलोभर काफ स्टार्टर खायला लागल्यावर. ही 15 व्या महिन्यात गाभण राहिली, पहिल्या वेताला थोरलीपेक्षा 2 लिटर जास्त देते, आता दोघींचा वळू वेगळा होता म्हणा.