आट्याच्या नावातला P कुठे बसतो: टू-स्टार्ट ट्रॅपेझॉइडल स्क्रूबद्दलच्या तक्रारीला उत्तर

★☆☆☆☆
"Tr 20×8 P4 चा लीड स्क्रू आणि ब्राँझ नट मागवला. ८ ची पिच हवी होती, गेज लावला तर ४ भरते. कोअर ११ यायला हवा, व्हर्नियरवर १५.४ येतो, म्हणजे आटे अर्धेच कापलेत. ११ च्या हिशोबाने बेअरिंगची टोकं १० ला टर्न करून घेतली, ती आता बारीक दिसतात. वर उभ्या अक्षावर मोटर बंद केली की डोकं हळूहळू खाली येतं. माल चुकीचा आहे."

नमस्कार,

तुम्ही मापं घेऊन लिहिलंत, त्याबद्दल आभार. त्या मापांवरूनच बोलता येतं. तुम्ही मोजलेली पिच आणि कोअर दोन्ही बरोबर आहेत आणि स्क्रूही Tr 20×8 P4 च आहे. अडचण ११ या आकड्यात आहे, कारण तो लीडवरून काढलेला आहे. डोकं खाली सरकतं हे मात्र खरं आहे आणि त्याचं कारण वेगळं आहे. त्यावर शेवटी येतो.

ट्रॅपेझॉइडल आट्याच्या नावात गुणिलेच्या खुणेनंतर येणारा पहिला आकडा लीडचा असतो, म्हणजे एका फेऱ्यात नट किती पुढे जातो तो. P नंतरचा आकडा पिचचा, म्हणजे एका दात्यापासून शेजारच्या दात्यापर्यंतचं अंतर. काही ड्रॉइंगवर P4 कंसात असतो, काहींवर कंसाशिवाय. दोन्हींचा अर्थ एकच. लीडला पिचने भागलं की किती स्टार्ट आहेत ते कळतं. ८ भागिले ४ म्हणजे दोन. तुमच्या स्क्रूवर दोन आटे एकमेकांच्या शेजारून फिरत जातात, आणि गेज शेजारचा दाता बघतो म्हणून ४ दाखवतो. आटा एकच असेल तर लीड आणि पिच सारखे असतात, म्हणून तिथे P लिहीत नाहीत आणि Tr 20×4 एवढंच लिहितात. सिंगल-स्टार्टची सवय असली की गुणिलेनंतरचा आकडा पिच म्हणून वाचला जातो. ड्रॉइंग ऑफिसमधून येणाऱ्या कागदांवरही हे आम्हाला नेहमी दिसतं.

आता कोअर. आट्याची खोली फक्त पिचवर ठरते, लीडचा त्यात काही संबंध नाही. ३० अंशांच्या या आट्यात खोली म्हणजे पिचच्या निम्मी, अधिक तळाशी ठेवलेली मोकळीक. ही मोकळीक मानकाने पिचनुसार बांधून दिली आहे: २ ते ५ पिचला ०.२५, ६ ते १२ ला ०.५ आणि १४ पासून पुढे १ मिमी. दोन्ही बाजूंची खोली बाहेरच्या व्यासातून वजा केली की कोअर मिळतो:

```
d3 = d - P - 2*ac

P = 4, ac = 0.25 :  20 - 4 - 0.5 = 15.5
P = 8, ac = 0.5  :  20 - 8 - 1   = 11
```

दुसरी ओळ तुमच्या ११ ची आहे. तो आकडा P=8 च्या सिंगल-स्टार्ट आट्याचा झाला, आणि २० व्यासाला ८ ची पिच आयएसओच्या तक्त्यात नाहीच. २० ला ४ आणि २ याच पिच आहेत, ८ ची पिच २२ पासून सुरू होते. तुमच्या स्क्रूचा कोअर जास्तीत जास्त १५.५ असायला हवा. टॉलरन्स तिथून फक्त खाली जाते, त्यामुळे १५.४ अगदी जागेवर आहे. आटे खरोखरच अर्धे कापले असते तर २.२५ च्या जागी सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर खोली मिळाली असती, कोअर साडेसतराच्या पुढे गेला असता आणि नट त्यावर चढलाच नसता, कारण नटाचं आतलं भोक १६ चं आहे.

शंका राहायला नको म्हणून हातातल्या स्क्रूवर दोन गोष्टी करून बघा. पहिली, एका आट्याच्या तळाशी मार्करने रेघ धरा आणि स्क्रू फिरवत ती पुढे नेत जा. पूर्ण एक फेरा झाल्यावर ती सुरुवातीच्या जागेपासून ८ मिमी पुढे येईल आणि मधे एक कोरी खाच राहिलेली दिसेल. ती कोरी खाच म्हणजे दुसरा स्टार्ट. स्क्रूच्या टोकाकडून पाहिलं तरी दोन आट्यांची तोंडं समोरासमोर दिसतात. तुमची टोकं टर्न झाली असली तरी जिथे आटा संपतो तिथे ती ओळखू येतील.

दुसरी गोष्ट कोअर मोजण्याची, आणि इथे तुमचं नशीब चांगलं आहे. सिंगल-स्टार्ट स्क्रूवर खाचेच्या बरोबर समोर दात्याचा माथा येतो, कारण अर्ध्या फेऱ्यात आटा अर्धी पिच सरकतो. तिथे व्हर्नियर तिरका धरावा लागतो आणि माप फसतं. टू-स्टार्टमध्ये अर्ध्या फेऱ्यात आटा अर्धा लीड, म्हणजे पूर्ण एक पिच सरकतो. त्यामुळे खाचेच्या समोर खाचच येते आणि व्हर्नियर अक्षाला काटकोनात धरून कोअर सरळ मोजता येतो. जबडे मात्र पातळ धारेचे हवेत, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड नकोत. खाचेचा तळ साधारण १.३ मिमीच रुंद आहे आणि आटा तिरका जातो, त्यामुळे जाड जबडा तळापर्यंत पोचण्याआधीच दात्याच्या उतारावर अडकतो आणि माप मोठं येतं. तुमचं १५.४ याच पद्धतीने आलं असेल तर ते पक्कं समजा. हीच युक्ती तीन स्टार्टला चालत नाही, तिथे पुन्हा खाचेसमोर माथा येतो.

इतका खटाटोप करून दोन आटे का कापायचे, हे सांगितल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. तुम्हाला एका फेऱ्यात ८ मिमी हवे आहेत. ते सिंगल-स्टार्टने मिळवायचे तर ४.५ मिमी खोल खाच कापावी लागते आणि २० च्या बारमध्ये फक्त ११ चा गाभा उरतो. टू-स्टार्टमध्ये तेवढीच चाल मिळते आणि गाभा १५.५ चा राहतो. गाभ्याचं क्षेत्रफळ ९५ वरून जवळपास १८९ चौरस मिमीवर जातं, म्हणजे दुप्पट. लांब स्क्रूवर दाब आला की तो वाकून जाण्याचा धोका व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो, तिथे फरक जवळजवळ चौपट आहे. म्हणून कोअर मोठा निघाला याची काळजी करू नका. मशीनच्या दृष्टीने तो तुमच्या फायद्याचा आहे.

छोट्या मशीनवर चालणारे ८ मिमीचे स्क्रू बरेच लोक Tr8x8 एवढंच लिहून विकतात. P8 धरून त्यांचा कोअर काढला तर ८ वजा ८ वजा १, म्हणजे उणे एक येतो. असा स्क्रू असूच शकत नाही. ते प्रत्यक्षात २ पिचचे चार-स्टार्ट स्क्रू असतात आणि त्यांचा कोअर ५.५ असतो. नावात P नसेल तर गुणिलेनंतरचा आकडा पिच धरून एकदा कोअर काढून बघावा. तो शून्याखाली गेला किंवा विचित्र बारीक निघाला तर विक्रेत्याला पिच विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

टोकांबद्दल. ११ च्या गाभ्यावर १० चं बेअरिंग ठीकच होतं, पण १५.५ च्या गाभ्यावर १२ चं सहज बसलं असतं आणि खांद्यालाही भरपूर जागा मिळाली असती. चालू टोकांवर मशीन धोक्यात नाही, फक्त कपलिंगकडची बाजू विनाकारण हलकी झाली आहे. पुढच्या वेळी टोकांचं ड्रॉइंग करताना कोअर आमच्याकडून लेखी मागवून घ्या. स्क्रू कुठूनही घेणार असाल तरी हे कराच.

आता डोकं खाली येण्याबद्दल, कारण तुमच्या कामाला खरा त्रास तिथे आहे. स्क्रू आपोआप उलटा फिरतो की नाही हे आट्याच्या चढावर आणि नटातल्या घर्षणावर ठरतं. चढ काढायला लीड घ्यायचा आणि पिच व्यासाच्या परिघाने भागायचं. पिच व्यास २० वजा पिचची निम्मी, म्हणजे १८. ८ भागिले ५६.५ केलं की चढ साधारण ८ अंश निघतो. ३० अंशांच्या आट्याचा हिशोब धरला तर तो रोखून ठेवायला घर्षण गुणांक निदान ०.१४ लागतो. ग्रीस लावलेल्या ब्राँझ नटात तो बहुधा ०.१ ते ०.१५ च्या दरम्यान असतो. म्हणजे तुमचा स्क्रू काठावर आहे. नट नवा आणि कोरडा असेल तोवर डोकं थांबेल. ग्रीस पसरलं आणि मशीन थोडी थरथरली की सरकेल. मोटरचा करंट चालू असताना ती डोकं धरून ठेवते, म्हणून तुम्हाला हे फक्त बंद केल्यावर दिसतं.

लीड ४ चा असता तर चढ ४ अंशांचा झाला असता आणि ०.०७ च्या आसपासचं घर्षणही पुरलं असतं. Tr 20×4 चा कोअर हाच १५.५ आहे, बाहेरचा व्यास हाच, पिचही हीच. बदलतो तो फक्त स्टार्ट, आणि त्याबरोबर वेग निम्मा होतो. तुमचा नट त्यावर चालणार नाही, कारण दात्याचा आकार तोच असला तरी चढ वेगळा आहे. नटही सिंगल-स्टार्ट घ्यावा लागेल. वेग सोडायचा नसेल तर हाच स्क्रू ठेवून मोटरला पॉवर-ऑफ ब्रेक लावा किंवा डोक्याच्या वजनाला काउंटरवेट द्या. माझं मत विचाराल तर, डोकं माणसाच्या हाताच्या वर असेल तर ब्रेकला पर्याय नाही. सिंगल-स्टार्ट घेतला तरी थरथरीत फक्त घर्षणावर विसंबून वजन टांगून ठेवू नका.

डोक्याचं वजन, उचलायचा वेग आणि मोटरचा टॉर्क एवढं कळवलंत तर ४ आणि ८ लीडचे दोन्ही हिशोब करून पाठवतो. बदलायचं ठरलं तर स्क्रू आणि नट जोडीने बदलून देऊ, आणि टोकं १२ ची धरून ड्रॉइंग तुमच्या मंजुरीनंतरच मशीनवर लावू.